हिरमुसणे, रुसणे, चिडणे : दुसरीसाठी आठवड्याचा पाठ आणि रोजचा मनाचा तक्ता

पाटीपेन्सिल

दुसऱ्या एका धाग्यावर विषय निघाला होता की दुसरीतल्या मुलांना 'कसं वाटतंय?' विचारलं की 'छान', 'वाईट' आणि 'राग आला' या तीन उत्तरांपलीकडे गाडी सरकत नाही. तिथे मी पाठ टाकते म्हटलं होतं, तो इथे स्वतंत्र टाकते आहे. एका आठवड्यात तीनच शब्द घेतले आहेत. दहा घेऊन बघितले तर शुक्रवारपर्यंत दहाही विसरले जातात.

शब्द आहेत हिरमुसणे, रुसणे आणि चिडणे. हे मुद्दाम शेजारशेजारचे घेतले आहेत. आनंद आणि भीती यांतला फरक मुलांना आधीच कळतो, तिथे शिकवण्यासारखं फार उरत नाही. खरी कसोटी जवळच्या शब्दांत असते.

रोज २० मिनिटं, पाच दिवस. गोष्ट ही, सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत:

*मिनूने कागदाची होडी केली. आज पहिल्यांदाच सगळ्या घड्या नीट जमल्या होत्या. ती धावत दादाकडे गेली. "दादा, बघ ना!" दादाने पुस्तकातून डोकंसुद्धा वर केलं नाही. "नंतर," तो म्हणाला. मिनूचा होडी धरलेला हात हळूहळू खाली आला.*

*थोड्या वेळाने दादा आला. "दाखव बघू तुझी होडी." मिनूने तोंड फिरवलं. "दाखव की गं." ती भिंतीकडे बघत बसली. पण दादा थांबलाय की गेला, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती.*

*दादाने होडी उचलली आणि पाण्याच्या बादलीत सोडली. "बघ, कशी तरंगते!" होडी कलली, आत पाणी शिरलं, कागद लिबलिबीत झाला. "माझी होडी! न विचारता का घेतलीस?" मिनू ओरडली. तिच्या मुठी वळल्या होत्या.*

गोष्टीत तिन्ही शब्द कुठेही नाहीत, हे लक्षात आलं असेल. सोमवारी गोष्ट एकदा सलग सांगायची, मध्ये थांबायचं नाही. मग दुसऱ्यांदा सांगताना प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी थांबायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: "आत्ता मिनूचं अंग काय करतंय? करून दाखवा." मुलं हात खाली सोडतात, तोंड फिरवतात, मुठी वळतात. ते झालं की शब्द द्यायचा: "असं झालं की म्हणतात, मिनू हिरमुसली." आधी अनुभव, मग नाव. उलट केलं की मुलं शब्दाचा अर्थ पाठ करतात आणि गोष्ट बाजूला पडते. 'तुम्हाला कधी असं झालंय?' हा प्रश्न सोमवारी विचारायचा नाही. पहिल्या दिवशी मिनूबद्दल बोलणं सोपं असतं, स्वतःबद्दल बोलणं नसतं.

मंगळवारी गोष्ट शब्दांसकट सांगायची आणि फरकावर बोलायचं. हिरमुसताना आपण काहीतरी आशेने गेलेलो असतो आणि ती आशा विझते, अंगातला जोर जातो. रुसायला माणूस लागतो, तोही आपला. रुसलेला माणूस कोणीतरी समजूत काढेल याची वाट बघत असतो, म्हणून तर मिनू डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. चिडताना जोर वाढतो आणि बाहेर पडायला बघतो.

बुधवारी प्रसंगपट्ट्या. बारा पट्ट्या करायच्या: प्रत्येक शब्दाच्या तीन स्पष्ट आणि उरलेल्या तीन मुद्दाम संदिग्ध. 'पावसामुळे सहल रद्द झाली' ही हिरमुसण्याची. 'माझ्या चित्रावर कोणीतरी रेघोट्या ओढल्या' ही चिडण्याची. 'मैत्रीण आज दुसरीच्याच शेजारी बसली' ही संदिग्ध. चार-चार मुलांच्या गटाने पट्ट्या तीन ढिगांत लावायच्या. वाद झाला तर ती पट्टी मध्ये ठेवायची. मधल्या ढिगावरच सर्वांत जास्त बोलणं होतं, त्यामुळे बरोबर उत्तर सांगायची घाई करू नका.

गुरुवारी जोडीने अभिनय. प्रत्येक थांब्यावर 'दादाने आता काय करावं?' हे मुलांनी ठरवायचं. हा दिवस कुणी गाळू नये असं मला वाटतं. हिरमुसलेल्या मिनूला दादाने मान वर करून होडीकडे एकदा बघितलं असतं तरी पुरलं असतं. रुसलेल्या मिनूजवळ जाऊन बसायला हवं, चार वेळा विचारायला हवं. चिडलेल्या मिनूजवळ जाऊन बसलं तर होडी डोक्यात बसेल. तिला आधी जरा मोकळं सोडायचं आणि मग 'चुकलं माझं' म्हणायचं. तीन शब्द का लागतात, तर तीन ठिकाणी करायचं वेगळं असतं म्हणून.

शुक्रवारी प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं किंवा चित्र काढायचं, स्वतःबद्दल किंवा मिनूबद्दल, हवं तसं. आणि मग ते तीन शब्द भिंतीवरच्या तक्त्यात जातात. पाठ झाल्याशिवाय कुठलाही शब्द तक्त्यावर चढत नाही, हा एकच नियम कडक आहे.

तक्ता असा: जाड पुठ्ठा, त्यावर उघड्या तोंडाचे पाकिटासारखे कप्पे. सुरुवातीला पाच कप्पे: मजा वाटतेय, वाईट वाटतंय, राग आलाय, भीती वाटतेय आणि 'आज सांगायचं नाही'. शेवटचा कप्पा पहिल्या दिवसापासून हवाच. प्रत्येक मुलाची नाव लिहिलेली पुठ्ठ्याची पट्टी, ३ सेंमी रुंद आणि १२ सेंमी लांब. कप्प्याची खोली १० सेंमी ठेवली की पट्टीचं टोक तेवढं वर दिसतं. तक्ता मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, दाराजवळ. सकाळी वर्गात येताना पट्टी टाकायची. हजेरी होईपर्यंत सगळं आटोपतं.

---

सई_मोगरा

खूप छान माहिती! भावनांच्या शब्दांची समानार्थी-विरुद्धार्थी अशी यादी मिळेल का? मुलीची चाचणी आहे पुढच्या आठवड्यात. साधारण ५० शब्द चालतील.

---

पाटीपेन्सिल

सईताई, हा पाठ यादीसाठी नाही हो. आणि खरं सांगायचं तर हिरमुसण्याला विरुद्धार्थी शब्द काय देणार? 'खूश होणे' देता येईल, पण मग रुसण्याचा आणि चिडण्याचाही तोच होईल आणि तिन्ही शब्द मुलीच्या डोक्यात एक होतील. चाचणीसाठी पाठ्यपुस्तकातलेच शब्द करून घ्या.

---

गोष्टीवेल्हाळ

गोष्ट आवडली. एक व्याकरणाची गोष्ट मात्र तक्ता करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी, कारण तयार तक्ते हमखास इथेच फसतात.

बरेच तक्ते वर 'मला ... वाटतंय' असं छापतात आणि खाली चेहऱ्यांखाली शब्द. मराठीत हे एका साच्यात बसत नाही. भीती *वाटते*, पण राग *येतो*. कंटाळा येतो. आनंद *होतो*. आणि रुसणं, चिडणं, हिरमुसणं यांना 'मला' लागतच नाही, तिथे *मी* रुसतो. 'मला रुसलं वाटतंय' असं कुठलं मूल म्हणेल? साचा तसा दिला तर मूल एक तर चुकीचं वाक्य शिकतं, नाहीतर साच्यात बसतात तेवढेच शब्द वापरतं. मग आपण म्हणतो, मुलांना शब्दच येत नाहीत.

म्हणून प्रत्येक कप्प्यावर पूर्ण वाक्य लिहा. 'मी हिरमुसलो / हिरमुसले'. दोन्ही रूपं हवीत. ज्या बोलीत मुलीही 'मी आलो' म्हणतात तिथे मूल म्हणेल ते रूप चालू द्या. हा तास क्रियापदं सुधारण्याचा नाही.

आणखी एक. राग 'येतो' म्हणजे तो जातोही, हे मराठी वाक्यातच आहे. 'मी रागीट आहे' आणि 'मला राग आलाय' यातलं दुसरंच वाक्य तक्त्यावर हवं.

---

पाटीपेन्सिल

हे सोन्यासारखं सांगितलंत. माझ्या पाच कप्प्यांत पूर्ण वाक्यं आहेत, पण का आहेत ते मी लिहिलं नव्हतं.

---

तात्या_मास्तर

गोष्ट वगैरे ठीक, पण मूळ मुद्दा साधा आहे. भावनेला नाव दिलं की भावना शांत होते, यावर मेंदूचे अभ्यासही झालेत. तेव्हा मूल चिडलं की लगेच म्हणायचं, "बाळा, तू चिडला आहेस." झालं. तक्ता, पट्ट्या, पुठ्ठे हवेत कशाला? आणि तयारच हवा असेल तर ३०-४० चेहऱ्यांचा रंगीत तक्ता मिळतो, एकदाच लावायचा. जितके शब्द जास्त तितकं चांगलं.

---

अबोली

तात्या, अर्धं बरोबर आहे तुमचं. नाव दिल्याने भावनेची धार कमी होते असं प्रयोगांत दिसलंय. पण त्या प्रयोगांत मोठी माणसं शांत बसून चित्रांना शब्द लावत होती. मुठी वळलेल्या सात वर्षांच्या मुलाला भर वर्गात मोठ्या माणसाने 'तू चिडला आहेस' म्हटलं की त्याला तो आरोप वाटतो. 'नाही! मी नाही चिडलो!' हे उत्तर ठरलेलं. त्या वेळी शब्द कमीत कमी. पाणी, थोडी जागा, 'मी इथे आहे' एवढंच. नाव नंतर, निवळल्यावर, आणि तेही विचारून: "मघाशी काय झालं होतं? हिरमुसला होतास की चिडला होतास?" दोन पर्याय दिले की मूल विचार करतं. एक दिला की ते हो किंवा नाही म्हणून मोकळं होतं.

चाळीस चेहऱ्यांबद्दल: मी विशेष गरजा असलेल्या मुलांसोबत काम करते. त्यातली काही मुलं चेहऱ्यावरून भावना ओळखण्यात अडखळतात, त्यांना तो तक्ता म्हणजे गोल चेहऱ्यांची गर्दी. इतर मुलांनाही 'निराश', 'उदास', 'दुःखी' यांचे तीन चेहरे एकसारखेच दिसतात, कारण काढणाऱ्याने भुवया तेवढ्या हलवलेल्या असतात. चेहऱ्याऐवजी प्रसंगाचं चित्र लावा. हिरमुसण्याच्या कप्प्यावर होडी धरून खाली आलेला हात. तो लगेच ओळखू येतो, कारण त्यामागे गोष्ट आहे.

आणि पाटीपेन्सिलताई, तुमच्या तक्त्यात एक कप्पा कमी आहे. 'झोप येतेय / भूक लागलीय / अंगात बरं नाही'. हा नसेल तर सकाळी उपाशी आलेलं मूल पट्टी 'राग आलाय'मध्ये टाकतं आणि बाई रागाचं कारण शोधत बसतात.

---

पाटीपेन्सिल

मान्य. सहावा कप्पा घातला.

---

निळी_शाई

नमस्कार. आमच्या दुसरीत ३८ मुलं आहेत. तक्ता लावून तीन आठवडे झाले, पाच कप्प्यांचाच होता. आजची मोजणी देते: मजा ३१, वाईट ४, राग २, 'सांगायचं नाही' १, भीती शून्य. रोज थोड्याफार फरकाने हेच. वर्गात भांडणं होतात, रडारड होते, म्हणजे सगळी मजेत आहेत असं काही नाही. मुलं खोटं सांगतात का? की माझं काही चुकतंय?

---

पाटीपेन्सिल

आधी हे सांगा, म्हणजे अंदाज करता येईल:

मजा वाटतेय हा कप्पा डावीकडून कितवा आहे?
पट्टीवरचं नाव बाहेरून दिसतं का?
'वाईट'मध्ये पट्टी टाकणाऱ्या मुलाला तुम्ही त्या वेळी काय म्हणता? आणि 'मजा'मध्ये टाकणाऱ्याला?
तुमची स्वतःची पट्टी आहे का, आणि ती कधी टाकता?

---

निळी_शाई

मजा पहिलाच. नाव दिसतं, नाहीतर कोणाची पट्टी ते कसं कळणार? 'वाईट'वाल्याला मी लगेच विचारते, "काय झालं रे?" 'मजा'वाल्याला "अरे वा!" माझी पट्टी आहे, मी सकाळी सर्वांत आधी 'मजा'त टाकते, उदाहरण म्हणून.

---

पाटीपेन्सिल

मग मुलं खोटं सांगत नाहीयेत. तक्त्याने जे सांगितलं ते ऐकतायत.

आत येणारं पहिलं मूल बघतं: बाईंची पट्टी मजेत. तिथे टाकलं की 'अरे वा' मिळतं आणि लगेच जागेवर जाता येतं. दुसरीकडे टाकलं की मागे रांग खोळंबलेली असताना सगळ्यांसमोर कारण सांगावं लागतं. शिवाय बाहेर काय दाखवायचं आणि आत काय ठेवायचं हे या वयात कळायला लागलेलं असतं, त्यामुळे चारचौघांत सोयीचा कप्पा मुलं बरोबर शोधतात. तुमचा प्रश्न मायेचा आहे यात शंका नाही, पण रांगेत तो दंडासारखा काम करतो.

बदल असे करा. नाव पट्टीच्या मागच्या बाजूला लिहा, पुढे कोरी, आणि टाकताना कोरी बाजू बाहेर. वर्ग बसला की एकदा पट्ट्या उचकटून तुम्ही बघा. तुमची पट्टी शेवटी टाका. कुठल्याच कप्प्याला शाबासकी नको, सगळ्यांना तेच 'ये'. 'काय झालं?' त्या वेळी विचारायचंच नाही. हवं असेल तर दहा मिनिटांनी बाकाजवळून जाताना हळू आवाजात म्हणा, "बघितलं मी." मुलाला बोलायचं असेल तर ते बोलेल.

आणि 'मजा' हा कप्पा फोडा. बरीच मुलं 'मजा'त जातात कारण 'काही विशेष नाही' म्हणायला जागाच नाही. 'ठीक आहे' असा एक कप्पा द्या. पुढे 'शांत वाटतंय' आणि 'कधी एकदा होतंय असं झालंय' हे घाला, पण त्यांच्या गोष्टी झाल्यावर. कप्प्यांचा क्रम दर सोमवारी बदला.

---

तात्या_मास्तर

तक्त्यात पट्टी कुठे आहे त्यावर शेरा द्यायला काय हरकत आहे? आठवडाभर 'राग'मध्ये नसलेल्या मुलाला तारा दिला तर मुलं राग आवरायला शिकतील.

---

अबोली

राग आवरायला नाही शिकणार तात्या, पट्टी आवरायला शिकतील. तारा, गुण, रंग यांतलं काहीही या तक्त्याला जोडलं की तो वर्तनाचा तक्ता होतो आणि मग तक्ता तरी कशाला हवा, थेट शिस्तीच्या वहीत लिहा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या कार्यक्रमातला चार रंगांचा तक्ता बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात एका अक्षावर सुखद-असुखद आणि दुसऱ्यावर अंगातला जोर कमी-जास्त असं मांडतात. त्यातला लाल रंग म्हणजे जोर जास्त आणि असुखद, एवढंच. वाईट वागणं असा त्याचा अर्थ नाही. पण लाल म्हणजे धोका हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट आहे की लाल कप्पा दिसला की शिक्षकांचा आवाज बदलतो. शक्य असेल तर सगळे कप्पे एकाच रंगाचे ठेवा.

---

कोरी_वही

माझ्याकडे पहिली ते चौथी एकाच खोलीत, २३ मुलं. दोन प्रश्न. पहिलीला लिहिता-वाचता येत नाही, त्यांना काय? आणि चौथीची मुलं म्हणतात, 'बाई, मला दोन्ही वाटतंय.' त्यांना एकच पट्टी आहे.

---

पाटीपेन्सिल

पहिलीसाठी प्रसंगाचं चित्र, अबोलीताई म्हणाल्या तसं, आणि नावाऐवजी पट्टीवर मुलाने स्वतः निवडलेली खूण. गोष्ट तीच सगळ्यांना सांगा. पहिलीकडून करून दाखवायची अपेक्षा ठेवा, चौथीकडून पट्ट्यांच्या ढिगांवर कारणं.

'दोन्ही वाटतंय' ही चौथीतली उत्तम बातमी आहे. एकाच प्रसंगाबद्दल एकाच वेळी दोन उलट भावना असू शकतात हे पहिलीतल्या मुलाला सहसा पटत नाही. ते 'आधी हे वाटलं, मग ते' असं सांगतं. आठ-दहा वर्षांच्या आसपास 'एकाच वेळी' यायला लागतं. चौथीला दोन पट्ट्या द्या.

---

गोष्टीवेल्हाळ

इथे मी सहमत नाही. पहिलीलाही दोन पट्ट्या द्याव्यात. वापरतील तेव्हा वापरतील. दिल्याच नाहीत तर आपणच ठरवलं की त्यांना एकच वाटतं.

---

पाटीपेन्सिल

दिल्या तर पहिलीत दुसरी पट्टी खेळणं होते. दोन्ही पट्ट्या दोन आवडत्या चित्रांच्या कप्प्यांत जातात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. पण तुमचं म्हणणं मी पूर्ण खोडू शकत नाही.

---

निळी_शाई

दोन आठवड्यांनी परत आले. सगळे बदल केले, आणि मधल्या आठवड्यात होडीचा पाठही घेतला. आता तक्त्यावर दहा कप्पे आहेत. कालची मोजणी: ठीक १३, मजा ९, हिरमुसलो/ले ६, झोप-भूक-बरं नाही ४, चिडलो/ले २, वाईट १, रुसलो/ले १, सांगायचं नाही २, राग शून्य, भीती शून्य. एकूण ३८.

दोन अडचणी. एक, 'हिरमुसलो' सगळ्यालाच वापरतायत. पेन्सिलीचं टोक मोडलं तरी हिरमुसलो, पाय आपटला तरी हिरमुसलो. पाठ चुकला का? दोन, 'राग' कप्पा आता रिकामाच असतो, तो काढू का?

---

पाटीपेन्सिल

पहिली अडचण म्हणजे शब्द रुजत असल्याची खूण आहे. लहान मूल बोलायला शिकताना चार पायांच्या सगळ्यांना 'भू भू' म्हणतं, तसंच हे. 'चूक' म्हणू नका, प्रश्न विचारा: "काही होईल असं वाटलं होतं आणि झालं नाही, असं झालं का?" पाय आपटला असेल तर मूल स्वतःच 'नाही, दुखलं' म्हणतं. हाच प्रश्न रोज एक-दोघांना, दोन आठवडे. त्यानंतरही शब्द तसाच सैल राहिला तर बुधवारच्या पट्ट्यांचा तास नव्या बारा प्रसंगांनी पुन्हा घ्या. मी स्वतः काय झालं ते समजायला तीन प्रसंग तोंडी विचारते, पाठाआधी आणि तीन आठवड्यांनी, वर्गातल्या पाच मुलांना एकेकटं: "असं झालं, तर त्याला काय झालं असेल?" वेगवेगळे किती शब्द आले आणि कारण जुळलं का, एवढंच टिपायचं.

'राग' काढू नका. चिडणं आणि राग येणं यातला फरक पुढच्या पाठाला कामी येईल. आणि भीतीचा कप्पा रिकामा असला तरी तो भिंतीवर असायला हवा.

---

निळी_शाई

बुधवारचा एक वाद सांगते. एका मुलाने 'पावसामुळे सहल रद्द' ही पट्टी 'रुसणे'मध्ये ठेवली. गट म्हणाला, रुसायला माणूस लागतो, बाईंनी सांगितलंय. तो म्हणाला, "मी पावसावर रुसलो." मी काय ठरवायचं ते कळेना, पट्टी मध्ये ठेवली.

---

गोष्टीवेल्हाळ

त्याला विचारा, पाऊस समजूत काढायला येणार का? 'येणार' म्हणाला तर पट्टी रुसण्यातच जाते. त्याने पावसाला माणूस केलंय, कवितेत आपणही करतोच की.

---

कोरी_वही

अजून एक, जरा अवघड. तिसरीतली एक मुलगी सलग नऊ दिवस 'सांगायचं नाही'मध्ये आहे. आधी 'ठीक'मध्ये असायची. काही करायचं की तिचा हक्क म्हणून सोडून द्यायचं?

---

अबोली

एका दिवसाला काही अर्थ नसतो, सलग नऊ दिवसांना असतो, विशेषतः आधी तसं नव्हतं म्हणून. कप्पा वापरायचा तिचा हक्क तसाच ठेवा. बाकी तिचं जेवण, झोपाळूपणा, मैत्रिणी, वहीतलं काम यांत फरक पडलाय का ते बघा आणि तारखेनिशी टिपा. मग एखादं काम देऊन, वह्या लावणं वगैरे, तिच्या शेजारी उभ्या राहा. समोर बसवून विचारू नका. "हल्ली तू सांगायचं नाही निवडतेस, ते चालतंच. कधी सांगावंसं वाटलं तर मी आहे." बस.

ती काही त्रासाचं बोलली तर शेवटपर्यंत ऐका. 'कोणी? कुठे? मग काय झालं?' अशी सरबत्ती नको, आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचन अजिबात नको, कारण ते पाळता येणार नाही. तिचे शब्द आहेत तसे लिहून त्याच दिवशी शाळेत ही जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापर्यंत न्या. पट्टीवरून निदान करायचं नाही. तक्ता कुठे बघायचं तेवढं दाखवतो.

---

तात्या_मास्तर

हे मात्र पटलं. एक विचारू का, शिक्षकाने स्वतःची पट्टी खरी टाकायची का? मला खरंच राग आला असेल तर?

---

पाटीपेन्सिल

यावर माझंच पक्कं ठरत नाही तात्या. 'आज मी जरा वैतागलेय, तुमच्यामुळे नाही' एवढं सांगितलेलं मुलांना झेपतं, आणि शब्द खरा वापरलेला दिसतो. पण 'भीती वाटतेय'मध्ये शिक्षकांची पट्टी दिसली तर पहिलीतलं मूल दिवसभर त्याचाच विचार करेल.

---

अबोली

माझं मत, शिक्षकांची पट्टीच नको. तक्ता मुलांचा.

---

गोष्टीवेल्हाळ

पट्टी असू द्या की. मुलं तुमच्या चेहऱ्याकडे बघून तुम्हाला काय वाटतंय ते ठरवतातच, बहुतेक वेळा चुकीचं.

---

निळी_शाई

पुढच्या पाठाला हेवा, ओशाळणं आणि धाकधूक घेऊ का? तिन्ही एकदम?

---

पाटीपेन्सिल

एकदम नको, हे शेजारी नाहीत. ओशाळण्यासोबत लाजणं आणि कानकोंडं होणं घ्या, ती तिन्ही 'कोणीतरी बघतंय' या धाग्याची आहेत. पण कानकोंडं होणं दुसरीला जड जाईल, ते चौथीला. धाकधुकीसोबत भीती आणि दचकणं: दचकणं झटकन येऊन जातं, भीती समोर काहीतरी असताना, धाकधूक अजून काही झालेलं नसताना. आणि गोष्ट लिहाल तेव्हा एवढं बघा की शब्द गोष्टीत नसावा आणि हात, डोळे, पाय काय करतात ते असावं. लिहून इथेच टाका, थांबे कुठे घ्यायचे ते बघू.